दाढेचे दुखणे आणि ‘पेनिसिलिन चालत नाही’ असे लिहिलेले कार्ड

आर्वीचे_गुरुजी (धागाकर्ता)

माझ्या पत्नीचे वय ४१ आहे. मागच्या आठवड्यात तिच्या खालच्या दाढेला पू होऊन गाल सुजला, म्हणून आम्ही तालुक्याच्या दंतवैद्यांकडे गेलो. तिच्या पर्समध्ये एक जुने कार्ड असते आणि त्यावर लाल शाईने ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असे लिहिलेले आहे. ती चौदा वर्षांची असताना कुठल्याशा कॅप्सूलनंतर अंगावर पुरळ आले होते, एवढेच तिला आठवते. कार्ड पाहताच डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन लिहिण्याचे टाळले आणि क्लिंडामायसिन ३०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा दिले. चौथ्या दिवशी तिला इतके जुलाब झाले की औषध बंद करावे लागले. दाढ तशीच आहे, सूज थोडी उतरली आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. सत्तावीस वर्षांपूर्वीचे पुरळ आजही ॲलर्जीच मानायचे का? आणि मानायचे असेल, तर क्लिंडामायसिनखेरीज दाताच्या रोगात दुसरे काय देतात?

मेडिकलवाले_भाऊ

गुरुजी, माझे औषधाचे दुकान एकोणीस वर्षे चालू आहे, म्हणून अनुभवावरून सांगतो. पेनिसिलिन चालत नसेल तर सेफॅलेक्सिन किंवा सेफाड्रॉक्सिल यांच्याही वाटेला जाऊ नये, कारण दहा टक्के रुग्णांना तीसुद्धा चालत नाहीत. आमच्या भागात अशा वेळी ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल यांची जोडगोळी देतात किंवा नुसते मेट्रोनिडॅझोल देतात आणि दाढ शांत होते. तरीही खात्री करायची असेल, तर हाताच्या कातडीखाली टेस्ट डोस टोचून घ्यावा. पंधरा मिनिटांत लाल फोड उठला तर ॲलर्जी आहे, नाही उठला तर नाही. हिशेब सोपा आहे.

पुलगावची_मंजू

मला दाढ काढताना बधिरतेचे इंजेक्शन दिले की छातीत धडधडते, हात थरथरतात आणि घाम येतो. म्हणजे मलाही ही पेनिसिलिनचीच ॲलर्जी आहे का?

दातांचा_डॉक्टर_यवतमाळ

मंजूताई, त्या इंजेक्शनात पेनिसिलिन नसते. त्यात बधिर करणाऱ्या औषधाबरोबर बहुधा थोडे ॲड्रेनॅलिन घातलेले असते आणि त्याने काही मिनिटे छाती धडधडते. भीतीने चक्कर येणे हेही फार वेळा दिसते. पुढच्या वेळी आपल्या डॉक्टरांना आधीच सांगा. मात्र अंगावर गांधी उठल्या असतील किंवा घशात घरघर झाली असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे आणि तीही सांगायला हवी.

गुरुजी, तुमच्या प्रश्नाकडे येतो. ‘ॲलर्जी आहे’ या दोन शब्दांवरून मी काहीही ठरवू शकत नाही. मला तेव्हाची हकीकत लागते. औषध सुरू केल्यानंतर पुरळ केव्हा आले, पहिल्या तासात की चार-पाच दिवसांनी? सपाट लाल ठिपके होते की उठून दिसणाऱ्या, खाजणाऱ्या आणि तासा-दोन तासांत जागा बदलणाऱ्या गांधी होत्या? ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या होत्या का, दम लागला होता का, भोवळ आली होती का? तोंडात आणि डोळ्यांत फोड येऊन कातडी सोलली होती का? दवाखान्यात भरती करून इंजेक्शने द्यावी लागली होती का? सर्वांत उपयोगी प्रश्न असा आहे की त्यानंतर आजपर्यंत अमॉक्सिसिलिन किंवा त्याच घराण्यातले औषध नकळत पोटात गेले का? बऱ्याच जणांनी पुढे एखाद्या जखमेसाठी क्लॅव्हुलॅनेट जोडलेले अमॉक्सिसिलिन पाच दिवस खाल्लेले असते आणि त्यांना काहीच झालेले नसते. कार्ड मात्र तसेच पर्समध्ये राहते.

ही विचारपूस मी एवढ्या तपशिलाने करतो, कारण आपल्याकडे औषध पुडीत मिळते. पुडीत अमॉक्सिसिलिन असते, डायक्लोफेनॅक असते, एखादी ॲसिडिटीची गोळी असते. पुरळ आले की दोष मात्र नेहमी ‘पेनिसिलिन’ला लागतो. वेदनाशामक गोळीनेही अगदी तशाच गांधी उठतात आणि त्या रुग्णाला पुढे अमॉक्सिसिलिन टाळून डायक्लोफेनॅकच देत राहिलो, तर आपण त्याला खऱ्या गुन्हेगाराच्याच हाती देतो.

वाशीमचा_शेतकरी

डॉक्टरसाहेब, पुडीचे तुम्ही अगदी खरे बोललात, माझेच पाहा. दात दुखला की मी गावातून गोळी आणतो आणि प्रत्येक वेळी खालच्या ओठावर एकाच जागी, रुपयाच्या नाण्याएवढा गोल, आधी लाल आणि मग काळा डाग पडतो. पंधरा दिवसांनी तो फिका होतो, पण पूर्ण जात नाही. सगळे म्हणाले की पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, तेव्हापासून मी ते घेतच नाही. तरीही डाग येतोच, हे कसे?

दातांचा_डॉक्टर_यवतमाळ

शेतकरीभाऊ, गोळीचे वेष्टन शोधा आणि नाव कळवा.

वाशीमचा_शेतकरी

घरातल्या डब्यात एक अर्धे वेष्टन सापडले. त्यावर ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडॅझोल असे लिहिले आहे. मेडिकलवाले भाऊ म्हणतात तीच जोडगोळी आहे.

आर्वीचे_गुरुजी

मेडिकलवाले भाऊंची जोडगोळी रंगेहाथ सापडली म्हणायची.

दातांचा_डॉक्टर_यवतमाळ

एकाच जागी पुन्हा पुन्हा उमटणारा आणि काळपट खूण ठेवून जाणारा डाग ही औषधाचीच प्रतिक्रिया असते, पण तिचे पेनिसिलिनशी नाते जोडण्याचे कारण तुमच्याबाबतीत दिसत नाही. ऑर्निडॅझोल, मेट्रोनिडॅझोल, ऑफ्लॉक्सासिन आणि काही वेदनाशामके या सगळ्यांमुळे असे डाग पडल्याचे आम्ही पाहतो. ही जोडगोळी पुन्हा घेऊ नका, घेत राहिल्यास डागांची संख्या वाढू शकते. वेष्टनाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. नेमके कोणते औषध दोषी आहे हे ते ठरवतील.

मेडिकलवाले भाऊ, राग मानू नका, पण ऑफ्लॉक्सासिनचा दाताच्या पुवातील मुख्य जंतूंवर भरवसा धरता येत नाही आणि नुसते मेट्रोनिडॅझोलही अपुरे पडते. मेट्रोनिडॅझोल हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंना मारते, पण दाढेच्या पुवात असणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जातीच्या जंतूंवर त्याचा पुरेसा परिणाम होत नाही. दाढ शांत होते ती बऱ्याचदा पुवाने स्वतःच वाट काढल्यामुळे.

नागपूरचे_फिजिशियन

धागा उशिरा वाचला. टेस्ट डोसबद्दल लिहिणे आवश्यक वाटते, कारण हा समज डॉक्टरांमध्येही आहे. पेनिसिलिनची खरी त्वचाचाचणी ठरावीक पातळ केलेल्या द्रावणांनी होते. शेजारी एक टोचणी हिस्टामिनची आणि एक नुसत्या मिठाच्या पाण्याची देतात, म्हणजे उठलेला फोड खरा की कातडीच चिडखोर, हे कळते. दुकानातील इंजेक्शन तसेच घट्ट टोचले, तर ॲलर्जी नसलेल्या माणसालाही लाल फोड येऊ शकतो. शिवाय ही चाचणी फक्त तत्काळ येणाऱ्या प्रतिक्रियेबद्दल बोलते. पाचव्या दिवशी येणाऱ्या पुरळाबद्दल ती मुकी असते. चाचणी नकारात्मक आली तरी मान्य पद्धतीत त्यानंतर देखरेखीखाली गोळी देऊनच खात्री करतात. आणि ज्याला खरोखर तीव्र ॲलर्जी आहे, त्याला त्या टोचणीनेही त्रास होऊ शकतो.

गुरुजींच्या पत्नीसारख्या जुन्या प्रसंगात आम्ही २०२० साली ऑस्ट्रेलियातून आलेली एक छोटी गुणपद्धती वापरतो. प्रतिक्रिया पाच वर्षांच्या आतली असेल तर २ गुण. श्वास कोंडणे, रक्तदाब कोसळणे, चेहरा-घसा सुजणे किंवा कातडी सोलवटणे असे काही गंभीर झाले असेल तर २ गुण. त्या वेळी उपचार करावे लागले असतील, किंवा लागले की नाही हे माहीत नसेल, तर १ गुण. बेरीज तीनपेक्षा कमी आली तर धोका कमी समजतात, आणि शून्य आली तर खरी ॲलर्जी निघण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. गुरुजींनी दिलेल्या माहितीवरून सध्या त्यांच्या पत्नीचा गुण १ येतो, कारण उपचार लागले का, हे आपल्याला माहीत नाही. सासूबाईंना विचारून पाहावे.

अमेरिकेत साधारण दहापैकी एका माणसावर हा शिक्का असतो आणि तपासणी केलेल्यांपैकी दहातल्या नऊहून अधिक जणांना पेनिसिलिन व्यवस्थित चालते. तत्काळ प्रकारची खरी ॲलर्जीही दहा वर्षांत बहुतेकांच्या शरीरातून ओसरते.

मेडिकलवाले_भाऊ

फिजिशियनसाहेब, टेस्ट डोसचे मान्य केले, मी ते आता सांगणार नाही. पण सेफॅलेक्सिन, सेफाड्रॉक्सिल अशा सेफॅलोस्पोरिन घराण्यातल्या औषधांच्या दहा टक्क्यांचे काय? ते आम्ही पुस्तकात शिकलो आहोत.

नागपूरचे_फिजिशियन

तो आकडा जुन्या काळचा आहे. सुरुवातीची सेफॅलोस्पोरिने बनवताना त्यांत पेनिसिलिनचा अंश मिसळलेला राहत असे, त्यामुळे प्रतिक्रिया अधिक दिसत. आताचा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी धरतात. मात्र सगळी सेफॅलोस्पोरिने एकाच मापाने मोजू नयेत. शरीर बहुतेक वेळा औषधाचा मूळ सांगाडा नव्हे, तर त्याला जोडलेली बाजूची साखळी ओळखते. सेफाड्रॉक्सिलची ही साखळी अमॉक्सिसिलिनसारखी हुबेहूब आहे आणि सेफॅलेक्सिनची तिच्याशी पुष्कळ जुळते. सेफिक्झिम, सेफोटॅक्सिम आणि सेफ्युरोक्झिम यांची वेगळी आहे. म्हणून ज्याला अमॉक्सिसिलिनने तासाभरात गांधी उठल्या, त्याला सेफाड्रॉक्सिल देणे म्हणजे दार बंद करून खिडकी उघडी ठेवण्यासारखे आहे.

चंद्रपूरची_नर्सबाई

गुरुजी, एक सोपा उपाय सांगते. अर्धी गोळी घरीच घेऊन पाहा, काही झाले नाही तर उरलेली घ्या. आमच्या नात्यात एकाने असेच केले आणि त्याला काही झाले नाही.

दातांचा_डॉक्टर_यवतमाळ

नर्सताई, हे कृपया कुणीही करू नये. शंभरातले नव्व्याण्णव जण ठीक राहतील, पण उरलेल्या एकाचा घसा काही मिनिटांत बंद होऊ शकतो आणि तेव्हा घरात ॲड्रेनॅलिन नसते. मोठ्या माणसाला एका मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम असलेल्या कुपीतले अर्धे मिलिलिटर मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब द्यावे लागते. आपल्याकडे अशा वेळी आधी ॲविल आणि डेकाड्रॉन टोचून रुग्णवाहिकेची वाट पाहतात आणि नेमकी तीच मिनिटे वाया जातात. ती दोन्ही नंतर द्यायची औषधे आहेत.

चंद्रपूरची_नर्सबाई

बरोबर आहे, माझे चुकले. आमच्या उपकेंद्रात ॲड्रेनॅलिनच्या कुप्या असतात, पण त्यांची मुदत तपासण्याची आठवण कुणाला राहत नाही. उद्याच पाहते.

दारव्ह्याचे_दंतवैद्य

मी दातांचा डॉक्टर असलो तरी वरच्या दोघांशी पूर्ण सहमत नाही. गुण शून्य आला म्हणून माझ्या खुर्चीवर अमॉक्सिसिलिन द्यायला मी तयार नाही. मोठे रुग्णालय माझ्यापासून साठ किलोमीटर दूर आहे आणि काही झाले तर गाव मला विचारणार आहे, ऑस्ट्रेलियाला नाही. मी ॲझिथ्रोमायसिन देतो, पहिल्या दिवशी ५०० आणि पुढचे चार दिवस २५० मिलिग्रॅम. हृदयाच्या ठोक्यांचा आजार किंवा त्यावरची औषधे चालू असतील, तर तेवढी चौकशी आधी करतो. रुग्ण बरे होतात, मग उगीच धोका का पत्करायचा?

नागपूरचे_फिजिशियन

दंतवैद्यसाहेब, तुमची सावधगिरी योग्य आहे. पहिली गोळी तुमच्या खुर्चीवर द्यावी असे मी म्हटलेलेच नाही. ती सोय असलेल्या दवाखान्यात, रुग्ण बरा असताना, दाढेच्या घाईत नसताना द्यावी. मात्र ‘मग धोका का पत्करायचा’ यावर एवढेच म्हणतो की पर्यायी औषधालाही त्याचा धोका असतो. ॲझिथ्रोमायसिनला तोंडातले जंतू पुष्कळदा दाद देत नाहीत. क्लिंडामायसिनने आतड्यात क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल नावाचा जंतू माजून गंभीर अतिसार होऊ शकतो. याच कारणाने अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ साली हृदयरुग्णांना दंतोपचारापूर्वी द्यायच्या प्रतिबंधक मात्रेतून क्लिंडामायसिन काढून टाकले. गुरुजींच्या पत्नीचे जुलाब साधेही असतील, पण ताप, पोटात मुरडा किंवा रक्त दिसले तर विष्ठेची तपासणी करावी, आणि जुलाब थांबवणारी गोळी मनानेच घेऊ नये.

दारव्ह्याचे_दंतवैद्य

जंतू दाद देत नाहीत हे मान्य आहे. तरी माझ्याकडे येणाऱ्या कापूस वेचणाऱ्या बाईला एका दिवसाची मजुरी बुडवून नागपूरला पाठवणे मला जमत नाही. हा प्रश्न औषधशास्त्राचा नाही.

आर्वीचे_गुरुजी

सर्वांचे आभार. तीन दिवस आमची घरात चौकशी चालली होती, तिचा वृत्तांत देतो.

सासूबाईंनी सांगितले की तेव्हा मुलीला ताप आला होता, घसा दुखत होता आणि मानेला गाठी आल्या होत्या. गावातल्या डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिनच्या कॅप्सूल दिल्या. पाचव्या दिवशी छातीवर आणि पाठीवर सपाट लाल ठिपके आले, खाज फारशी नव्हती, तोंड सुजले नव्हते, दम लागला नव्हता. घरच्यांना वाटले की गोवर आहे, म्हणून कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली आणि आठवड्याने ठिपके गेले. इंजेक्शन वगैरे काहीच दिले नाही. लाल शाईचे कार्ड पुढच्या वर्षी दुसऱ्या एका दवाखान्यात, फक्त ‘पुरळ आले होते’ एवढे ऐकून, तयार झाले.

दुसरे असे की बारा वर्षांपूर्वीच्या सिझेरियनचा कागद ट्रंकेत सापडला. तिला तीन दिवस सेफोटॅक्सिमची इंजेक्शने आणि पुढे पाच दिवस सेफिक्झिमच्या गोळ्या दिल्या होत्या. काहीही त्रास झालेला नाही.

नागपूरचे_फिजिशियन

उपचार लागले नाहीत हे कळल्यामुळे गुण आता शून्यावर आला. घसा, मानेच्या गाठी आणि पाचव्या दिवशीचे सपाट पुरळ हे वर्णन एपस्टाईन-बार विषाणूच्या तापाशी जुळते. त्या तापात अमॉक्सिसिलिन दिले की असे पुरळ पुष्कळदा उठते आणि ती कायमची ॲलर्जी नसते. सत्तावीस वर्षांनी ते सिद्ध करता येणार नाही, पण शक्यता रास्त आहे.

मेडिकलवाले_भाऊ

म्हणजे सेफोटॅक्सिम चालले, तर आता सेफाड्रॉक्सिल बिनधास्त द्यायला हरकत नाही!

दातांचा_डॉक्टर_यवतमाळ

भाऊ, साखळीचा मुद्दा पुन्हा वाचा. सेफोटॅक्सिम चालले याचा अर्थ सेफोटॅक्सिम चालले. मात्र गुरुजींच्या पत्नीची मूळ हकीकतच सौम्य असल्यामुळे, गरज पडलीच तर सेफॅलेक्सिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा देणे अयोग्य ठरणार नाही. अमेरिकन दंतसंघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही पेनिसिलिनची गंभीर प्रतिक्रिया नसलेल्यांना तोच पहिला पर्याय सांगितला आहे. ज्यांना घसा सुजण्यासारखी गंभीर प्रतिक्रिया आली होती, त्यांच्यासाठी ॲझिथ्रोमायसिन किंवा क्लिंडामायसिन सुचवले आहे.

पण गुरुजी, मी मुळात विचारायचे राहिलेला प्रश्न आता विचारतो. दाढ उघडली का? त्याच मार्गदर्शनात असेही आहे की दाढ उघडून पुवाला वाट करून देणे किंवा ती काढणे लगेच शक्य असेल, ताप नसेल आणि सूज गळ्याकडे पसरत नसेल, तर निरोगी प्रौढाला प्रतिजैविकाची गरजच नसते. आपण एवढा वेळ कोणते औषध द्यावे यावर वाद घालत आहोत, आणि कदाचित द्यायचेच नसेल.

दारव्ह्याचे_दंतवैद्य

या एका मुद्द्यावर मी पूर्ण सहमत आहे. मात्र तोंड उघडेनासे झाले, गिळताना त्रास होऊ लागला किंवा जिभेखाली सूज आली, तर धागा वाचत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

आर्वीचे_गुरुजी

काल दाढ उघडली. डॉक्टरांनी मुळाच्या नळ्या स्वच्छ केल्या, पू आला आणि संध्याकाळपर्यंत ठणका थांबला. ताप नव्हता, म्हणून त्यांनी फक्त पॅरासिटामॉल दिले. जुलाबही थांबले आहेत. रूट कॅनालची पुढची बैठक सोमवारी आहे.

गोळी देऊन पाहण्याबद्दल वर्ध्याच्या दवाखान्यात विचारले. त्यांनी सांगितले की दाढेचे काम संपल्यावर सकाळी यावे, ॲलर्जीची कोणतीही गोळी आधीचे काही दिवस घेऊ नये, तिथे अमॉक्सिसिलिनची एक मात्रा देऊन तासभर बसवून ठेवतील आणि घरी गेल्यावर पुढचे काही दिवस पुरळ उठते का ते आम्ही पाहायचे. पत्नीची अजून तयारी नाही. ती म्हणते की सत्तावीस वर्षे या औषधावाचून काही अडले नाही. तिच्यावर मी जबरदस्ती करणार नाही.

तोपर्यंत लाल शाईच्या कार्डाचे काय करावे?

नागपूरचे_फिजिशियन

खोडू नका, फाडूही नका, कारण अजून काही सिद्ध झालेले नाही. त्याच्या मागे लिहा: ‘१४ व्या वर्षी, घशाच्या तापात, अमॉक्सिसिलिनच्या पाचव्या दिवशी सपाट पुरळ. सूज नाही, दम नाही, उपचार लागले नाहीत. पुढे सेफोटॅक्सिम आणि सेफिक्झिम त्रासाविना.’ पुढच्या डॉक्टरला समोरच्या दोन शब्दांपेक्षा हे वाचून निर्णय घेता येईल.

वाशीमचा_शेतकरी

डॉक्टरसाहेब, मग माझ्या कार्डावर काय लिहू? मी तर पेनिसिलिन कधी घेतल्याचे मला आठवतच नाही.

दातांचा_डॉक्टर_यवतमाळ

‘ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलनंतर ओठावर एकाच जागी काळा डाग’ एवढेच लिहा आणि पेनिसिलिनचे नाव त्यात घालू नका. त्वचारोगतज्ज्ञ काय म्हणाले ते मात्र इथे येऊन कळवा.